व्हिसाच्या स्टिकरवरील संकेताक्षरे : देश कोणता, कार्यालय कोणते आणि प्रकार कोणता

नवी दिल्ली : सप्टेंबर २०२४ मध्ये इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावर इटलीला निघालेल्या हरियाणातील एका प्रवाशाला तपासणीत थांबवण्यात आले. त्याच्या पारपत्रावर स्वीडनचा व्हिसा चिकटवलेला होता आणि तो बनावट असल्याचे निष्पन्न झाले. दिल्ली पोलिसांच्या विमानतळ विभागाने पुढे केलेल्या तपासाचे धागेदोरे पश्चिम दिल्लीतील टिळकनगर येथील एका जागेपर्यंत पोहोचले. तेथे बनावट व्हिसा छापले जात असल्याचे पोलिसांनी सांगितले आणि छपाईचे साहित्य जप्त केले.

या प्रकरणातील एक गोष्ट अनेकांना कोड्यात टाकणारी होती. प्रवास इटलीचा असताना व्हिसा स्वीडनचा कसा? प्रत्यक्षात शेंगेन करारातील एका देशाने दिलेल्या अल्पकालीन व्हिसावर दुसऱ्या सदस्य देशात जाता येते. त्यामुळे केवळ एवढ्यावरून व्हिसा खोटा ठरत नाही. परंतु स्टिकर कोणत्या देशाचा आहे, तो कोणत्या कार्यालयातून दिला गेला आणि तो कोणत्या प्रकारचा आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे स्टिकरवर तीन वेगवेगळ्या ठिकाणी असतात. त्यांतील एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी वाचले की गोंधळ होतो. लाखो रुपये मोजून हाती आलेल्या स्टिकरवर नेमके काय लिहिले आहे, हे अर्जदाराला वाचता येत नाही, आणि बनावट व्हिसाचा व्यवहार याच अज्ञानावर चालतो.

‘नवी दिल्ली’ हे देशाचे उत्तर नव्हे

स्टिकर हाती आल्यावर सामान्यतः पहिली नजर जाते ती ‘इश्यूड इन’ या रकान्याकडे. भारतात दिलेल्या शेंगेन व्हिसावर तेथे बहुधा नवी दिल्ली किंवा मुंबई असे शहराचे नाव असते. हा रकाना व्हिसा देणाऱ्या दूतावासाचे किंवा वाणिज्य दूतावासाचे ठिकाण सांगतो, देश सांगत नाही. चाणक्यपुरीतील स्वीडन, इटली, फ्रान्स आणि जर्मनी या चारही देशांच्या दूतावासांनी दिलेल्या स्टिकरवर ठिकाण नवी दिल्ली असेच येणार. परदेशी अर्जांत ‘यापूर्वीचा व्हिसा कोणत्या देशाने दिला’ असा प्रश्न असतो. तेथे या रकान्याच्या आधारे ‘भारत’ असे उत्तर लिहिले, तर ते चुकीचे ठरते.

अर्ज जेथे दिला ते ठिकाणही या रकान्यात येईलच असे नाही. दिल्लीत शिवाजी स्टेडियम मेट्रो स्थानकातील केंद्रात अनेक देशांचे अर्ज स्वीकारले जातात. पुणे, नागपूर, गोवा येथील रहिवासीही अशाच खासगी केंद्रांमार्फत कागदपत्रे देतात. ही केंद्रे अर्ज, शुल्क आणि बोटांचे ठसे घेतात. निर्णय मात्र दूतावास किंवा वाणिज्य दूतावास घेतो. त्यामुळे पुण्यात अर्ज दिलेल्या व्यक्तीच्या स्टिकरवर मुंबई किंवा नवी दिल्ली असे ठिकाण आले, तर त्यात संशयास्पद काही नाही.

‘व्हॅलिड फॉर’ हा रकानाही देशाचे नाव सांगत नाही. व्हिसा कोठे चालेल एवढेच त्यात लिहिलेले असते. फ्रान्सच्या स्टिकरवर तेथे फ्रेंच भाषेत, जर्मनीच्या स्टिकरवर जर्मन भाषेत आणि इटलीच्या स्टिकरवर इटालियन भाषेत ‘शेंगेन देश’ असे छापलेले आढळते. भाषेवरून देशाचा अंदाज येतो. पण जर्मन भाषा ऑस्ट्रियातही आहे आणि फ्रेंच बेल्जियममध्येही. म्हणून अंदाजावर न थांबता देशाचे संकेताक्षर शोधावे लागते.

देशाची तीन अक्षरे कोठे असतात

युरोपीय संघाने १९९५ मधील एका नियमाद्वारे व्हिसासाठी एकसमान नमुना ठरवला. सर्व सदस्य देशांचे स्टिकर त्यामुळे एकाच घडणीचे दिसतात. २००८ च्या दुरुस्तीने क्रमांकाची पद्धतही एक झाली. प्रत्येक स्टिकरवर नऊ अंकी राष्ट्रीय क्रमांक आणि त्यासोबत देशाचे तीन अक्षरी संकेताक्षर असते. हे दोन्ही मिळून स्टिकरचा पूर्ण क्रमांक होतो. अर्जात मागील व्हिसाचा क्रमांक मागितला असेल, तर केवळ अंक नव्हे, तर अक्षरांसह हा क्रमांक द्यावा लागतो.

तीच अक्षरे स्टिकरच्या तळाशी पुन्हा येतात. तेथे मोठ्या अक्षरांच्या आणि कोनाकृती चिन्हांच्या दोन ओळी असतात. त्यांना यंत्रवाच्य ओळी म्हणतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ‘दस्तऐवज ९३०३’ या मानकात त्यांची रचना निश्चित केली आहे. मोठ्या आकाराच्या स्टिकरवर प्रत्येक ओळीत ४४ आणि लहान आकाराच्या स्टिकरवर ३६ जागा असतात. जी जागा रिकामी राहते तेथे कोनाकृती चिन्ह छापले जाते.

पहिल्या ओळीतील पहिले अक्षर नेहमी V असते, म्हणजे हा दस्तऐवज व्हिसा आहे. दुसरे अक्षर देणारा देश आपल्या सोयीने ठरवतो; शेंगेन स्टिकरवर तेथे व्हिसाच्या प्रकाराचे अक्षर असते. तिसऱ्या ते पाचव्या जागेत व्हिसा देणाऱ्या देशाचे संकेताक्षर असते. त्यानंतर आडनाव, दोन कोनाकृती चिन्हे आणि नाव येते. देश ओळखण्यासाठी म्हणूनच सर्वांत आधी तळाच्या पहिल्या ओळीतील तिसरे, चौथे आणि पाचवे अक्षर पाहावे.

दुसऱ्या ओळीतही तीन अक्षरांचा एक गट असतो आणि तेथेच अनेकांची गफलत होते. अकराव्या ते तेराव्या जागेतील हा गट धारकाचे राष्ट्रीयत्व सांगतो. भारतीय प्रवाशाच्या कोणत्याही देशाच्या व्हिसावर तेथे IND असते. ते वाचून व्हिसा भारताने दिला असा निष्कर्ष काढता येत नाही.

सारखी दिसणारी संकेताक्षरे

बहुतेक संकेताक्षरे देशाच्या नावावरून लगेच ओळखू येतात. FRA म्हणजे फ्रान्स, ITA म्हणजे इटली, ESP म्हणजे स्पेन. काही मात्र फसवी आहेत. स्वीडनचे संकेताक्षर SWE आहे, तर स्वित्झर्लंडचे CHE. ते त्या देशाच्या लॅटिन नावावरून आले आहे. CHE चा चेन्नई किंवा चीन यांच्याशी काही संबंध नाही. ऑस्ट्रिया AUT आहे आणि ऑस्ट्रेलिया AUS. स्लोव्हेनिया SVN, तर स्लोव्हाकिया SVK. एस्टोनियाचे EST आणि स्पेनचे ESP घाईत सारखेच वाचले जातात.

जर्मनीची रीत सर्वांपेक्षा वेगळी आहे. यंत्रवाच्य ओळीत या देशासाठी केवळ D हे एक अक्षर वापरतात आणि उरलेल्या दोन जागा कोनाकृती चिन्हांनी भरतात. त्यामुळे जर्मनीच्या अल्पकालीन व्हिसाची सुरुवात अशी दिसते :

```
VCD<<
```

दीर्घकालीन व्हिसावर दोन D शेजारी येतात :

```
VDD<<
```

यातील पहिला D व्हिसाचा प्रकार आहे आणि दुसरा D जर्मनी. संकेताक्षर अपुरे छापले गेले आहे असे समजून अशा स्टिकरवर संशय घेण्याचे कारण नाही.

सायप्रसकडे स्वतंत्रपणे लक्ष द्यावे लागते. हा देश युरोपीय संघात आहे आणि संघाचाच एकसमान नमुना वापरतो. त्याचे संकेताक्षर CYP आहे. मात्र तो शेंगेन क्षेत्रात पूर्णपणे सामील झालेला नसल्याने त्याच्या अल्पकालीन व्हिसावर पॅरिसला किंवा रोमला जाता येत नाही. स्टिकरचे रूप पाहून ‘युरोपचा व्हिसा’ असे सांगणाऱ्या दलालाचे म्हणणे येथे अर्धसत्य ठरते. संकेताक्षर आणि ‘व्हॅलिड फॉर’ हे दोन्ही एकत्र वाचले तरच खरी मर्यादा कळते.

कधी कधी एक शेंगेन देश दुसऱ्याच्या वतीने अर्जांवर निर्णय घेतो. अशा वेळी स्टिकर निर्णय घेणाऱ्या देशाचा असतो आणि शेऱ्यांच्या रकान्यात R हे अक्षर, तिरकी रेघ आणि ज्याच्या वतीने व्हिसा दिला त्या देशाचे लघुसंकेत येतात. व्हिसा देणारा देश आणि ज्या देशासाठी तो दिला तो देश यांत येथे फरक पडतो. पुढील अर्जात कोणते नाव लिहायचे हा प्रश्न आल्यास व्हिसा देणारा देश म्हणून यंत्रवाच्य ओळीतील संकेताक्षराचा देशच लिहावा.

एकच अक्षर, वेगवेगळे अर्थ

प्रकाराचे अक्षर देश निश्चित झाल्यानंतरच वाचावे, कारण त्याचा अर्थ देशागणिक बदलतो. शेंगेन व्यवस्थेत आज तीन अक्षरे वापरात आहेत. A हा केवळ विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय भागातून पुढे जाण्यासाठीचा व्हिसा आहे. त्यावर शहरात जाता येत नाही. C हा अल्पकालीन मुक्कामाचा व्हिसा आहे आणि त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. D हा दीर्घकालीन मुक्कामाचा राष्ट्रीय व्हिसा आहे. शिक्षण, नोकरी किंवा कुटुंबासमवेत राहणे अशा कारणांसाठी एखादा देश तो स्वतःच्या कायद्यानुसार देतो. D व्हिसाचा धारक इतर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरू शकतो. पण तेथे वास्तव्य किंवा नोकरी करण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. पूर्वी B हा संक्रमण व्हिसा होता. एप्रिल २०१० मध्ये व्हिसा संहिता लागू झाली तेव्हा तो बंद झाला. आजच्या तारखेच्या शेंगेन स्टिकरवर B दिसल्यास ती गंभीर विसंगती समजावी.

अमेरिकेच्या स्टिकरवर याच अक्षरांचे अर्थ पूर्णपणे निराळे आहेत. तेथे B म्हणजे व्यवसाय किंवा पर्यटनासाठीची भेट, C म्हणजे संक्रमण, D म्हणजे जहाज किंवा विमानाचे कर्मचारी आणि F म्हणजे विद्यार्थी. शिवाय प्रकाराच्या रकान्यात वर्गाच्या आधी R हे अक्षर दिसते. ते साधे पारपत्र दर्शवते, व्हिसाचा वर्ग नव्हे. अमेरिकेच्या अस्थलांतरित व्हिसाची यंत्रवाच्य ओळ VNUSA अशी सुरू होते. त्यातील दुसरे अक्षर N वर्ग सांगत नाही. वर्गासाठी वरील रकानाच पाहावा लागतो.

कार्यालयाची नोंद अमेरिकेच्या स्टिकरवर ‘इश्यूइंग पोस्ट नेम’ या रकान्यात असते. या देशाची भारतात नवी दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबाद येथे व्हिसा देणारी कार्यालये आहेत. गुरुग्राममधील अर्जदाराने मुलाखतीसाठी हैदराबादची तारीख घेतली असेल, तर स्टिकरवर हैदराबाद येईल. अमेरिकी यंत्रणेत कार्यालयांना तीन अक्षरी संकेतही आहेत. स्थलांतरित व्हिसाच्या प्रकरण क्रमांकाची सुरुवात नवी दिल्लीसाठी NWD आणि मुंबईसाठी BMB अशी होते. मुंबईच्या संकेतात बॉम्बे हे जुने नाव अजून टिकून आहे. हे संकेत कार्यालयाचे आहेत, देशाचे नव्हेत, आणि प्रकरण क्रमांक म्हणजे स्टिकरचा क्रमांकही नव्हे. अमेरिकेच्या पुढील अर्जात मागितला जाणारा मागील व्हिसाचा क्रमांक स्टिकरच्या उजव्या तळाशी लाल रंगात छापलेला असतो. वरच्या बाजूचा नियंत्रण क्रमांक हा वेगळा क्रमांक आहे आणि तो तेथे लिहायचा नसतो.

एक नमुना वाचून पाहताना

पुढील दोन ओळी केवळ उदाहरणासाठी तयार केल्या आहेत. त्यांतील नाव आणि क्रमांक काल्पनिक आहेत.

```
VCSWENAMUNA<<VYAKTI<<<<<<<<<<<<<<<<<
0123456784IND9004159F2611147<<<<<<<<
```

पहिल्या ओळीतील V वरून हा व्हिसा असल्याचे कळते. C म्हणजे अल्पकालीन मुक्काम आणि SWE म्हणजे तो स्वीडनने दिला आहे. दुसऱ्या ओळीत आधी नऊ जागांचा क्रमांक आहे. शेंगेन स्टिकरवर तो स्टिकरचा असतो. काही देश तेथे पारपत्राचा क्रमांक छापतात. त्यानंतरचा 4 हा पडताळणी अंक आहे. IND हे राष्ट्रीयत्व. पुढे जन्मतारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आहे, म्हणजे १५ एप्रिल १९९०, आणि तिचा पडताळणी अंक 9 आहे. F हे स्त्री असल्याचे निदर्शक. शेवटी व्हिसाची अंतिम तारीख १४ नोव्हेंबर २०२६ आणि तिचा पडताळणी अंक 7 आहे.

पडताळणी अंक कसा येतो हे अंतिम तारखेवर करून पाहता येते. तारखेचे सहा अंक २, ६, १, १, १, ४ असे आहेत. त्यांना क्रमाने ७, ३, १, ७, ३, १ यांनी गुणावे. गुणाकार १४, १८, १, ७, ३ आणि ४ असे येतात. त्यांची बेरीज ४७ होते. तिला १० ने भागल्यावर उरणारी बाकी ७, म्हणून पडताळणी अंक ७. आता कोणी २०२६ चे २०२७ केले, पण शेवटचा अंक तसाच ठेवला असे समजा. दुसरा गुणाकार १८ ऐवजी २१ होतो, बेरीज ५० होते आणि बाकी शून्य राहते. ओळीत मात्र ७ छापलेला आहे. ही तफावत कागद आणि पेन्सिल घेऊन घरबसल्या सापडते. क्रमांकात अक्षरे असतील तर A साठी १०, B साठी ११ असे करत Z साठी ३५ धरावेत. कोनाकृती चिन्हाचे मूल्य शून्य असते.

या पद्धतीची मर्यादा मात्र नीट लक्षात घेतली पाहिजे. व्हिसावर पडताळणी अंक तीनच बाबींना असतात : क्रमांक, जन्मतारीख आणि अंतिम तारीख. पारपत्रावर संपूर्ण ओळीसाठी जो एकत्रित पडताळणी अंक असतो, तो व्हिसावर नसतो. परिणामी देशाचे संकेताक्षर, प्रकाराचे अक्षर आणि नाव यांचे रक्षण कोणताही अंक करत नाही. वरील नमुन्यात SWE ऐवजी ITA किंवा C ऐवजी D केले, तरी तिन्ही अंक बरोबरच राहतील. त्यामुळे देश आणि प्रकार या दोन बाबी जुळवणीनेच तपासाव्या लागतात.

ही जुळवणी करताना यंत्रवाच्य ओळीतील देशाचे संकेताक्षर वरील क्रमांकासोबतच्या संकेताक्षराशी जुळले पाहिजे. ओळीतील नऊ अंक आणि वरील नऊ अंक एकच असले पाहिजेत. ओळीतील प्रकाराचे अक्षर ‘टाइप ऑफ व्हिसा’ या रकान्यातील अक्षराशी आणि ओळीतील अंतिम तारीख ‘अंटिल’ या रकान्यातील तारखेशी जुळली पाहिजे. ‘इश्यूड इन’ मधील शहरात त्या देशाचे व्हिसा देणारे कार्यालय असले पाहिजे. शेवटी मुक्कामाचे दिवस प्रकाराशी सुसंगत हवेत. C व्हिसावर ९० पेक्षा अधिक दिवस असणे ही विसंगती आहे.

जुळणी झाली तरी

सर्व काही जुळले म्हणजे स्टिकर खरा, असे नाही. पडताळणी अंकाचे सूत्र सार्वजनिक आहे आणि बनावट छपाई करणाऱ्यालाही ते वापरता येते. खऱ्या स्टिकरवरील मजकूर जसाच्या तसा उतरवला तर सर्व रकाने जुळतीलच. विसंगती सापडल्यास शंका बळावते. ती न सापडल्यास खातरी मात्र होत नाही. मोबाइलवर पाठवलेल्या छायाचित्रात तर कागद, शाई आणि प्रकाशानुसार बदलणाऱ्या खुणा यांपैकी काहीच नीट कळत नाही. १९९५ च्या मूळ नमुन्याच्या नकला मोठ्या प्रमाणावर होऊ लागल्यामुळेच युरोपीय संघाने २०१७ मध्ये नव्या घडणीचा स्टिकर मंजूर केला.

सीमेवरील अधिकारी स्टिकरवर विसंबून राहत नाहीत. शेंगेन देशांची सामाईक व्हिसा माहिती प्रणाली ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू झाली. स्टिकरचा क्रमांक आणि बोटांचे ठसे यांवरून मूळ नोंद तेथे पाहिली जाते. कागदावर काहीही छापलेले असले, तरी नोंद नसेल तर प्रवास तेथेच संपतो.

याच प्रणालीमुळे सामान्य अर्जदाराच्या हातीही एक भरवशाची खूण आली आहे. भारतातील अर्जदारांसाठी २ नोव्हेंबर २०१५ पासून शेंगेनच्या अल्पकालीन व्हिसासाठी बोटांचे ठसे देणे आवश्यक झाले. एकदा दिलेले ठसे ५९ महिन्यांपर्यंत पुन्हा वापरता येतात. लहान मुलांसारखे काही अपवाद वगळता, ज्या व्यक्तीने या मुदतीत कधीही ठसे दिलेले नाहीत आणि जी कोणत्याही केंद्रात गेलेली नाही, तिच्या पारपत्रावर C प्रकारचा स्टिकर येण्याचा कायदेशीर मार्ग जवळपास नाही. पारपत्र दलालाकडे सोपवले आणि काही दिवसांत ते स्टिकरसह परत आले, तर संकेताक्षरे वाचण्याआधीच उत्तर मिळालेले असते.

शंका आल्यास स्टिकरवरील संकेताक्षराच्या देशाच्या दूतावासाकडे लेखी विचारणा करावी. संपर्काचा तपशील दलालाकडून न घेता दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. स्टिकर सोलून काढणे किंवा पारपत्राचे पान फाडणे यांमुळे अडचण वाढते, कारण पारपत्रात फेरफार करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायद्यानुसार, भारतात येण्यासाठी, राहण्यासाठी किंवा भारताबाहेर जाण्यासाठी बनावट पारपत्र किंवा व्हिसा जाणूनबुजून वापरणाऱ्यास अथवा पुरवणाऱ्यास दोन ते सात वर्षांचा कारावास आणि एक लाख ते दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. ‘जाणूनबुजून’ या शब्दामुळे दूतावासाकडे वेळीच केलेली विचारणा आणि तिची प्रत प्रवाशाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

स्टिकर नसलेले व्हिसा

ही वाचनपद्धती स्टिकर असेल तेथेच चालते. ऑस्ट्रेलियाने १ सप्टेंबर २०१५ पासून पारपत्रावर व्हिसाचे लेबल चिकटवणे बंद केले. तेथे व्हिसाची नोंद केवळ संगणकावर असते आणि धारकाला ती सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. आज कोणी ऑस्ट्रेलियाचा नवा स्टिकर दाखवत असेल, तर त्यावर AUS आहे की नाही हे पाहण्याची गरज उरत नाही. ब्रिटनही टप्प्याटप्प्याने स्टिकरऐवजी ई-व्हिसाकडे वळत आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये डिजिटल व्हिसाचा कायदा संमत केला असून त्यानुसार पुढील काळात स्टिकरची जागा डिजिटल व्हिसा घेणार आहे. तोपर्यंत शेंगेनच्या स्टिकरवर देशाचे उत्तर तळाच्या पहिल्या ओळीतील तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या जागेत मिळेल, प्रकाराचे उत्तर दुसऱ्या जागेत आणि कार्यालयाचे उत्तर ‘इश्यूड इन’ या रकान्यात.